ही तारीख आली कुठून?

(भाषा-मॉडेलवर काम करणाऱ्या टीमसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज मी एका चुकीच्या तारखेबद्दल बोलणार आहे. ती आमच्या कामात कशी शिरली, आम्ही तिच्या मुळापर्यंत कसे पोहोचलो आणि पोहोचता आलं ते कशामुळे, एवढाच आजचा विषय.

काम असं होतं. ग्राहकांची तक्रारपत्रं येतात. मॉडेल प्रत्येक पत्र वाचून चार रकान्यांची एक नोंद तयार करतं: काय घडलं, कधी घडलं, ग्राहकाला काय हवं आहे आणि सोबत कोणती कागदपत्रं आहेत. ही नोंद पुढे एका फॉर्ममध्ये जाते आणि प्रकरण पाहणारी व्यक्ती त्यावर काम सुरू करते. बऱ्याच पत्रांत घटनेची तारीखच नसते. 'मागच्या वेळी आलो तेव्हा' असं लिहिलेलं असतं, किंवा तेवढंही नसतं. अशा वेळी आमचं मॉडेल 'तारीख दिलेली नाही' असं लिहायचं आणि तेच बरोबर होतं.

एके दिवशी प्रकरणं पाहणाऱ्या एका सहकारी बाईंनी विचारलं, "या पत्रात तारीख नाही, मग नोंदीत ही तारीख आली कुठून?" आम्ही पाहिलं. मॉडेलनं पत्राच्या माथ्यावरची, म्हणजे पत्र लिहिल्याची तारीख उचलून घटनेची तारीख म्हणून ठेवली होती. दिसायला अगदी खरी वाटणारी आणि पूर्ण चुकीची. मुदती घटनेच्या तारखेपासून मोजल्या जातात, त्यामुळे ही किरकोळ चूक नव्हती.

आता प्रश्न असा की हे कधीपासून होतंय आणि कशामुळे. प्रॉम्प्ट त्या काळात अकरा वेळा बदलला होता. बदल करणारे तिघे होते. शेवटची खात्रीची चांगली आवृत्ती v41, आणि बाईंनी दाखवलेली नोंद v52 मधली.

इथे थोडं मागे जाऊन एक गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं सगळं कोरडं वाटेल. याच कामाच्या आधीच्या टप्प्यात आमचा प्रॉम्प्ट एका प्रशासकीय पानावरच्या चौकटीत राहत असे. चौकटीत जायचं, वाक्य बदलायचं, 'जतन करा' दाबायचं. जतन केलं की जुनं गेलं. त्या काळात नोंदी अचानक लांबलचक यायला लागल्या होत्या. कुणी काय बदललं याची आठवण प्रत्येकाची वेगळी होती. आम्ही चार दिवस आपापसातले निरोप धुंडाळून जुना मजकूर जुळवायचा प्रयत्न केला. तो पूर्ण जुळलाच नाही. कारण सापडलं नाही, आम्ही प्रॉम्प्ट नव्यानं लिहून मोकळे झालो आणि त्या नव्या प्रॉम्प्टनं आधी मिटलेल्या तीन जुन्या तक्रारी परत आणल्या. मिटवलेल्या दोषांचा इतिहासही त्या चौकटीतल्या मजकुरात मुरलेला होता, आणि तो आम्ही फेकून दिला होता. ती चूक माझ्या मनाला फार लागली. त्यानंतर प्रॉम्प्टची फाइल गिटमध्ये गेली.

पण फाइल गिटमध्ये टाकली की काम झालं, असं होत नाही. तारखेच्या प्रकरणात नक्की काय उपयोगी पडलं ते क्रमानं सांगते.

पहिली उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक नोंदीसोबत लिहिलेली एक ओळ. मॉडेलला विनंती जाते त्या क्षणी आम्ही लॉगमध्ये हे लिहितो:

```
prompt_version=v52 prompt_sha256=9f3c21ab
model=<तारखेसह पूर्ण नाव> temperature=0.2
```

यातला हॅश फाइलचा नाही. साच्यातल्या रिकाम्या जागा भरण्याआधीचा, पण उदाहरणं, साधनांची वर्णनं आणि सूचना सगळं एकत्र जोडून झाल्यावरचा जो मजकूर, त्याचा हा हॅश. वर दाखवताना तो तोडून आखूड केला आहे. आवृत्तीचा क्रमांक माणसं देतात, म्हणून तो चुकू शकतो. हॅश मजकुरातूनच निघतो. दोघांत तफावत दिसली की समजायचं, कुणीतरी सर्व्हरवर थेट हात घातला आहे किंवा एक सर्व्हर अजून जुन्याच मजकुरावर चालतो आहे.

'अमुक दिवशी अमुक वाजता आवृत्ती बदलली' एवढी माहिती पुरत नाही, हे मला अनुभवानं पटलं आहे. नवी आवृत्ती सगळीकडे एकाच क्षणी पोहोचत नाही. मध्ये अर्धा तास असाही जातो की दोन सर्व्हर दोन वेगळ्या आवृत्त्यांवर चालत असतात. त्या अर्ध्या तासातली नोंद हातात आली आणि तुम्ही घड्याळावरून आवृत्ती ठरवलीत, तर पुढचा सगळा शोध चुकीच्या पायावर उभा राहतो. म्हणून आवृत्ती त्या त्या नोंदीलाच चिकटलेली हवी.

हॅशनं एकदा एक वेगळाच बदल पकडून दिला होता. मराठीत मजकूर लिहिणाऱ्यांसाठी तो मुद्दाम सांगते. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एका सहकाऱ्यानं मजकूर दुसऱ्या संपादकात उघडून परत जतन केला आणि अशी अक्षरं बदलली. वाचून फरक दिसत नव्हता, मॉडेलपर्यंत पोहोचणारे तुकडे मात्र वेगळे झाले होते. त्या वेळी वागण्यात फरक पडला नाही. पण 'मी काहीच बदललं नाही' हे वाक्य तेव्हापासून आम्ही पुरावा म्हणून धरत नाही, मग बोलणारा कितीही प्रामाणिक असो.

आता तारखेकडे. लॉगमधून आवृत्त्या कळल्या. मनात लगेच एक संशयित उभा राहतो. आमच्याही मनात होता. v51 मध्ये तारखा कोणत्या पद्धतीनं लिहायच्या याची सूचना घातली होती, तेव्हा दोष तिचाच असणार असं तिघांनाही वाटलं. पण संशयावर हात घालण्याआधी एक काम करायचं असतं आणि ते बहुतेक वेळा राहून जातं: जुनी चांगली आवृत्ती आज चालवून पाहायची. तीच पत्रं, तेच मॉडेल, पण प्रॉम्प्ट v41.

हे का करायचं? वागणं बदललं याचा अर्थ प्रॉम्प्टच बदलला असा होत नाही. मॉडेलचं नाव दोन तऱ्हांनी देता येतं. एक फिरतं नाव असतं, ज्यामागचं मॉडेल पुरवणारा कधीही बदलू शकतो. दुसरं तारीख जोडलेलं, स्थिर नाव असतं. फिरतं नाव वापरत असाल तर तुमच्या फाइलमध्ये एक अक्षर न बदलताही वागणं बदलू शकतं. येणारी पत्रंही बदलू शकतात. समजा, v41 नंही आज चुकीच्या तारखा दिल्या असत्या, तर अकराच्या अकरा बदल निर्दोष ठरले असते आणि आम्ही बाहेर शोधायला गेलो असतो. ही एक चाचणी तुमचे कित्येक तास वाचवते, कारण शोध कोणत्या घरात घ्यायचा तेच ती ठरवते.

आम्ही तारीख नसलेली बारा पत्रं निवडली, त्यांतली नावं-पत्ते काढून टाकले आणि प्रत्येक पत्र पाच वेळा चालवलं. म्हणजे प्रत्येक आवृत्तीमागे साठ नोंदी. v41 मध्ये साठांपैकी शून्य ठिकाणी बनावट तारीख आली. v52 मध्ये सोळा ठिकाणी. दोष खरा होता आणि तो प्रॉम्प्टमध्येच होता.

पाच वेळा का, एकदाच का नाही? प्रॉम्प्टच्या बाबतीत नेहमीच्या प्रोग्रामिंगची सवय इथेच दगा देते, म्हणून जरा थांबते. प्रोग्राममधली चूक साधारणपणे असते किंवा नसते. मॉडेलमधला दोष काही प्रमाणात असतो. तापमान शून्य ठेवलं तरी दर वेळी अक्षरशः तेच उत्तर येईल याची हमी नसते, कारण आतली गणितं एकाच वेळी आलेल्या इतर विनंत्यांसोबत गट करून केली जातात आणि दशांश संख्यांच्या बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक हलतात. एखादा दोष दहापैकी एका वेळी दिसत असेल आणि तुम्ही दहा वेळा चालवून पाहिलंत, तरी तो एकदाही न दिसण्याची शक्यता शंभरात 35 असते. तीस वेळा चालवलंत तर ती चारावर येते. 'मी चालवून बघितलं, ठीक आहे' या वाक्याला किती वेळा चालवलं त्या आकड्याशिवाय अर्थ नाही. प्रत्येक बदलासोबत आम्ही जी बदलनोंद लिहितो, तिच्यात म्हणून तो आकडा लिहावाच लागतो.

दोन टोकं मोजून झाल्यावर आम्ही उंबरठा ठरवला: साठांत सहापेक्षा जास्त बनावट तारखा आल्या तर आवृत्ती वाईट, नाहीतर चांगली. हा आकडा शोध सुरू होण्याआधी ठरवायचा. मधल्या आवृत्तीचा निकाल पाहून ठरवायला गेलं की माणूस नकळत आपल्या संशयिताला सोयीचा आकडा निवडतो.

मग दुभागणी. v41 चांगली, v52 वाईट, तर मधली v46 तपासा. ती चांगली निघाली तर दोष पुढच्या अर्ध्यात, वाईट निघाली तर मागच्या. गिटमध्ये यासाठी आज्ञा आहे:

```
git bisect start
git bisect bad v52
git bisect good v41
git bisect run ./tapas.sh
```

`tapas.sh` ही आमची तपासणीची फाइल. ती साठ नोंदी चालवते, बनावट तारखा मोजते आणि उंबरठ्याशी ताडून गिटला निकालाचा एक आकडा परत करते: शून्य म्हणजे आवृत्ती चांगली, एक म्हणजे वाईट. 125 परत केला तर गिट ती आवृत्ती वगळून शेजारची घेतं. एखाद्या आवृत्तीत साचाच मोडलेला असेल आणि नोंदच तयार होत नसेल, तर तिला वाईट म्हणणं चूक ठरतं. तिच्यासाठी हा 125.

v46 मध्ये एक बनावट तारीख आली, म्हणजे चांगली. v49 मध्ये सतरा, वाईट. v47 मध्ये शून्य. v48 मध्ये एक. चार पायऱ्या, 240 नोंदी, आणि उत्तर v49. सगळ्यांचा संशय होता तो v51 यात कुठेच नव्हता.

प्रत्येक आवृत्तीत एकेकदाच चालवून पाहिलं असतं तर काय झालं असतं, तेही बघा. v49 मध्ये साठांत सतरा, म्हणजे सुमारे 28 टक्के वेळा दोष दिसतो. एकच नोंद पाहिली तर तो न दिसण्याची शक्यता 72 टक्के. आम्ही बहुधा v49 ला चांगली म्हणून पुढे गेलो असतो आणि दुभागणीनं v50, v51 किंवा v52 पैकी एकाकडे बोट दाखवलं असतं. एखादी आवृत्ती वगळावी लागली नसेल तर दुभागणी 'मला माहीत नाही' असं म्हणत नाही. वाटेत एक निकाल चुकला तरी ती तितक्याच ठामपणे एखाद्या निरपराध बदलाचं नाव सांगते. आणि ते नाव v51 निघालं असतं तर आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या.

तर v49 मध्ये काय होतं? तो मजकूर आटोपशीर करण्याचा बदल होता. प्रॉम्प्ट लांबला होता, एकच गोष्ट दोन-तीनदा सांगितली गेली होती. सहकाऱ्यानं नेटकं काम केलं होतं. फरक असा दिसत होता:

```
- तारीख पत्रात नसेल तर "तारीख दिलेली नाही" असे लिही.
- ग्राहकाची मागणी स्पष्ट नसेल तर अंदाज करू नकोस.
+ पत्रात नसलेली माहिती लिहू नकोस.
```

हा फरक इतका स्वच्छ दिसला, कारण आम्ही प्रॉम्प्टमध्ये प्रत्येक वाक्य स्वतंत्र ओळीवर लिहितो. परिच्छेद एका सलग ओळीत ठेवला तर एक शब्द बदलला तरी गिट अख्खा परिच्छेद बदलल्याचं दाखवतं आणि वाचणाऱ्याचा डोळा थकतो. आधीच तसं लिहून ठेवलं असेल तर `git diff --word-diff` शब्दागणिक फरक दाखवतं, पण वाक्यागणिक ओळ ही सवय जास्त चांगली.

आता कुणीही म्हणेल की सापडलं, तारखेचं खास वाक्य काढलं म्हणून घात झाला, v49 मागे घ्या. मीही तेच म्हणाले होते. पण नवीन वाक्य नीट वाचा. 'पत्रात नसलेली माहिती लिहू नकोस.' हे तर जास्त व्यापक आहे. ते वाचून मॉडेलनं तारीख बनवायला नको होती, उलट रकाना रिकामा सोडायला हवा होता. वाईट बदल सापडला, पण तो वाईट का ठरला याचा उलगडा होत नव्हता. अशा जागी थांबून बदल मागे घेतला, तर पुढच्या महिन्यात तोच दोष दुसऱ्या दारानं येतो.

इथे बदलनोंद कामी आली. आम्ही v42 पासूनच्या बदलनोंदी क्रमानं वाचल्या आणि v44 पाशी थबकलो.

```
v44
बदल: "कोणताही रकाना रिकामा ठेवू नकोस." हे वाक्य जोडले.
का: कागदपत्रांचा रकाना रिकामा आला की पुढचा फॉर्म नोंद नाकारतो.
अपेक्षा: कागदपत्रे नसतील तिथे "नाहीत" असे येईल. इतर रकाने तसेच.
पाहिले: 20 पत्रे, प्रत्येकी 3 वेळा. रिकामा रकाना 0.
```

ही नोंद वाचताच आम्ही एकमेकांकडे पाहिलं. v44 नं सांगितलं, रिकामं ठेवू नकोस. तेव्हा तारखेचं खास वाक्य जागेवर होतं, त्यामुळे मॉडेलकडे तारखेच्या रकान्यात काय भरायचं याचं सरळ उत्तर होतं. v49 नं ते उत्तर काढून घेतलं आणि सांगितलं, नसलेली माहिती लिहू नकोस. आता दोन सूचना समोरासमोर आल्या. रिकामं ठेवायचं नाही आणि नसलेलं लिहायचं नाही. मॉडेलनं दोन्ही पाळल्यासारखं दिसेल असा मार्ग काढला: पत्रात असलेली एकमेव तारीख उचलली. ती पत्रात होतीच, फक्त ती घटनेची नव्हती.

हे ऐकायला पटतं, पण पटणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. मॉडेलनं असं का केलं याच्या कहाण्या रचणं फार सोपं असतं. म्हणून आम्ही चार कोपरे तपासले. दोन्ही बदल नसलेली आवृत्ती, फक्त v44 चा बदल असलेली, फक्त v49 चा बदल असलेली आणि दोन्ही असलेली. तिसरी आवृत्ती इतिहासात कधी अस्तित्वातच नव्हती. ती आम्ही v49 मधून v44 चं वाक्य काढून बनवली.

दोन्ही नसताना शून्य बनावट तारखा. फक्त v44 असताना एक. दोन्ही असताना सतरा. आणि फक्त v49 असताना एकच बनावट तारीख, पण साठांपैकी तेवीस ठिकाणी तारखेचा रकाना रिकामा. म्हणजे v49 एकटा असता तर फॉर्मनं त्या नोंदी नाकारल्या असत्या आणि आम्हाला त्याच दिवशी कळलं असतं. दोष दोघांच्या भेटीत होता. v44 नं चुकीला भरलेल्या रकान्याचं रूप दिलं आणि म्हणून ती इतके दिवस लपून राहिली.

मला वाटतं, प्रॉम्प्टच्या इतिहासाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं जे आहे ते हेच आहे. दुभागणी तुम्हाला पहिली वाईट आवृत्ती सांगते. ती कारण सांगत नाही. प्रॉम्प्टमधली वाक्यं एकमेकांच्या आधारानं उभी असतात, आणि एक काढलं की पाच आवृत्त्यांपूर्वी घातलेल्या दुसऱ्याचा अर्थ बदलतो. फरक पाहून v49 समजला असता, पण v44 चं वाक्य v49 च्या फरकात दिसतच नव्हतं, कारण त्या दिवशी ते बदललं नव्हतं. त्याच्यापर्यंत आम्ही पोहोचलो ते 'का' या ओळीमुळे.

त्या ओळीचा दुसरा उपयोग दुरुस्तीच्या वेळी झाला. 'का' लिहिलेलं नसतं तर आम्ही बहुधा v44 चं वाक्यच काढून टाकलं असतं आणि फॉर्म पुन्हा नोंदी नाकारू लागला असता. आता माहीत होतं की रिकामा रकाना चालणार नाही आणि अंदाजही चालणार नाही. v53 मध्ये दोन्ही वाक्यांच्या जागी एकच वाक्य आलं: 'रकान्याची माहिती पत्रात नसेल तर त्या रकान्यात "दिलेली नाही" असे लिही.' आणि त्याला जोडून, 'पत्राची तारीख ही घटनेची तारीख समजू नकोस.' साठांत शून्य बनावट तारखा, शून्य रिकामे रकाने. ती बारा पत्रं कायमच्या तपासणीत गेली.

बदलनोंदीतल्या चार ओळींपैकी सगळ्यांत जास्त टाळली जाते ती 'अपेक्षा'. लोकांना ती उगाच वाटते. बदल केला, का केला ते सांगितलं, आणखी काय? पण v44 ची अपेक्षा पुन्हा वाचा: 'इतर रकाने तसेच.' लिहिणारीनं आपला बदल कुठे पोहोचू नये हे लिहून ठेवलं होतं. वाक्य मात्र 'कोणताही रकाना' असं होतं, म्हणजे अपेक्षेपेक्षा मोठं. अपेक्षा आणि वाक्य शेजारी ठेवून वाचले असते तर ही फट त्याच दिवशी दिसली असती. आता आम्ही दुसऱ्याचा बदल तपासताना हेच करतो. आधी अपेक्षा वाचायची आणि मग विचारायचं की वाक्य तिच्यापेक्षा जास्त काही मागतंय का.

एका बदलात एकच गोष्ट, हा नियम तुम्ही ऐकलेला असेल. तो मी पुन्हा सांगत बसणार नाही. फक्त एवढं म्हणेन की 'मजकूर आटोपशीर केला' ही एक गोष्ट नसते. v49 मध्ये खरं तर सहा वाक्यांना हात लागला होता आणि घातक एकच होतं. दुभागणी आवृत्तीपर्यंतच नेते, वाक्यापर्यंत नेत नाही. आटोपशीर करायचं असेल तर ते चार-पाच छोट्या बदलांत करावं. कंटाळवाणं आहे, मान्य.

एक मर्यादा सांगायला हवी. मॉडेलची जुनी स्थिर आवृत्तीही पुरवणारा कधीतरी बंद करतो. त्यानंतर तुमचा v41 चा मजकूर जसाच्या तसा असला तरी v41 चं वागणं परत उभं करता येत नाही. म्हणून मॉडेल बदलण्याच्या दिवशी आम्ही प्रॉम्प्टला हात लावत नाही, आणि त्या दिवशी कायमची तपासणी दोन्ही मॉडेलांवर चालवून उत्तरं जपून ठेवतो. तो बदल बदलनोंदीत इतर कोणत्याही बदलासारखाच जातो, स्वतःच्या क्रमांकासह. पलीकडचा किनारा कसा दिसत होता याची तेवढीच खूण उरते.

श्रोत्यांतून एक प्रश्न आला होता, त्याचं उत्तर देते. विचारलं होतं की आमच्याकडे प्रॉम्प्ट बदलणारे काही सहकारी विषयाचे जाणकार आहेत, त्यांना गिट येत नाही आणि त्यांनी ते शिकावं अशी अपेक्षाही नाही. त्यांनी चौकटीतच बदल करायचे का?

करू द्या. चौकट वाईट नव्हती, जुनं पुसून टाकणारं तिचं 'जतन करा' हे बटण वाईट होतं. आमच्याकडे आजही ती चौकट आहे. आता जतन केल्यावर जुन्या मजकुरावर लिहिलं जात नाही, नवी ओळ तयार होते, तिला क्रमांक मिळतो आणि ती आपोआप गिटमध्ये जाते. 'का' आणि 'अपेक्षा' हे दोन रकाने भरल्याशिवाय बटण दाबताच येत नाही. सुरुवातीला तिथे 'सुधारणा' एवढंच लिहिलेलं येत होतं. मग आम्ही एक केलं: 'का' या रकान्यात ज्या पत्रामुळे किंवा नोंदीमुळे बदल करावासा वाटला तिचा क्रमांक मागायला लागलो. माणसाला कारण शब्दांत मांडायला जड जातं, पण कोणतं पत्र पाहून हात शिवशिवले ते त्याला पक्कं माहीत असतं. आणि सहा महिन्यांनी मागे वळून पाहताना मला त्या पत्राचाच जास्त उपयोग होतो, कारण ते मी पुन्हा चालवून बघू शकते.